सहा मार्कांच्या उत्तरासाठी मुद्द्यांची यादी: मॉडेल आन्सरमधून नेमकं काय उचलायचं?

गिलावा
नमस्कार. सिव्हिल डिप्लोमा, तिसरं सेमिस्टर, विषय काँक्रीट टेक्नॉलॉजी. एमएसबीटीईच्या साइटवर जुन्या समर-विंटर पेपरांची मॉडेल आन्सर असतात, त्यात अगदी उजवीकडे मार्कांचा रकाना असतो. त्या रकान्यावरून प्रत्येक मोठ्या उत्तराची एक छोटी यादी करायची आहे. पेपरात एवढं लिहून झालं की पुढच्या प्रश्नाला जायचं, अशी.

अडचण ही की ‘वर्केबिलिटीवर परिणाम करणारे घटक’ हा एकच सहा मार्कांचा प्रश्न घेतला आणि माझी यादी चाळीस शब्दांची झाली. पाणी, वॉटर-सिमेंट रेशो, वंगण, पृष्ठभाग, गोल खडी, टोकदार खडी, चपटी खडी, ग्रेडिंग, पोकळ्या... सगळंच महत्त्वाचं वाटतं. यातलं ठेवायचं काय आणि काढायचं काय?

रंधा_मास्तर
यात एवढं काय. मॉडेल आन्सरमधले ठळक शब्द पाठ करायचे, पेपरात लिहायचे आणि खाली पट्टीने रेघ मारायची. परीक्षकांना मंडळाची सूचनाच आहे की की-वर्डवर तपासा. वाक्य कोणी वाचत नाही. चाळीस शब्द असतील तर चाळीस लिही, जास्त झाले तर कोण मार्क कापणार आहे?

चहा_कटिंग
चाळीस शब्द, चाळीस रेघा. उत्तरपत्रिका नाही, दोरीवर वाळत घातलेले कपडे.

लालपेन
रंधा, तुम्ही सूचना अर्धी सांगितलीत. मॉडेल आन्सरच्या पहिल्या पानावर परीक्षकांसाठी ज्या सूचना असतात त्यातली पहिली अशी: उत्तर की-वर्डवरून तपासा, मॉडेल आन्सरशी शब्दाला शब्द जुळवत बसू नका. तिच्याच खाली दुसरी आहे की विद्यार्थ्याचं उत्तर वेगळं असू शकतं, त्याला विषय किती समजलाय ते बघा. दोन्ही एकत्र वाचल्या तर अर्थ असा निघतो की शब्द सापडला म्हणजे परीक्षक तिथे थांबतो, आणि थांबल्यावर त्या शब्दाबद्दल काय म्हटलंय ते बघतो. नुसता शब्द म्हणजे बिनपत्त्याचं पाकीट.

गिलावा, तुझी यादी लांबली कारण तू उत्तरापासून सुरुवात केलीस. सुरुवात मार्कांच्या रकान्यापासून करायची. डावीकडचं उत्तर वहीच्या पानाने झाकून टाक आणि फक्त उजवीकडचं वाच. मोठ्या प्रश्नांत साधारण तीन तऱ्हा दिसतील. एक, ‘प्रत्येकी 1 मार्क, कोणतेही सहा’. दुसरी, ‘आकृती 2, स्पष्टीकरण 4’. तिसरी, प्रश्नातच दोन भाग असतात आणि प्रत्येकाला 3. या तिन्हींची यादी वेगवेगळ्या घाटाची होते.

तुझा वर्केबिलिटीचा प्रश्न पहिल्या तऱ्हेचा आहे. ‘कोणतेही सहा’ असेल तर मॉडेल आन्सरमध्ये आठ-नऊ घटक दिलेले असू शकतात, कारण परीक्षकाला विद्यार्थ्याने लिहिलेला कुठलाही घटक ताडून बघता आला पाहिजे. त्याची गरज ती तुझी नाही. तुला सहा हवेत आणि ऐनवेळी एक आठवला नाही म्हणून सातवा राखीव.

गिलावा
म्हणजे चाळीसचे सात? मग बाकीचे तेहतीस कुठे गेले?

लालपेन
ते सातांच्याच पोटात गेले. नीट बघ, ‘पाणी’ आणि ‘वॉटर-सिमेंट रेशो’ तू दोनदा मोजलेत. परीक्षक त्यांना एकच मुद्दा धरण्याची शक्यता जास्त. ‘गोल’, ‘टोकदार’, ‘चपटी’ हे तीन मुद्दे नाहीत, खडीचा आकार हा एक मुद्दा आणि हे त्याचे प्रकार. ‘वंगण’, ‘पृष्ठभाग’, ‘पोकळ्या’ हे तर मुद्देच नाहीत, ती कारणं आहेत.

म्हणून या प्रश्नासाठी प्रत्येक ओळीचे तीन तुकडे कर: घटक, दिशा, कारण. दिशा म्हणजे वर्केबिलिटी वाढते की कमी होते. असं:

पाणी: वाढवलं की वाढते. कणांमध्ये वंगणासारखं काम करतं.
खडीचं माप: मोठं असेल तर वाढते. एकूण पृष्ठभाग कमी, भिजवायला पाणी कमी लागतं.
खडीचा आकार: गोल असेल तर वाढते, टोकदार-चपटी असेल तर कमी. आपसातलं घर्षण.
खडीचा पोत: खडबडीत असेल तर कमी. तेच घर्षण.
ग्रेडिंग: चांगलं असेल तर वाढते. पोकळ्या कमी राहतात, त्यामुळे पेस्ट उरते आणि तीच खडीला सरकायला मदत करते.
मिश्रणाचं प्रमाण: सिमेंटच्या मानाने खडी-वाळू जास्त झाली तर कमी. पेस्ट पुरत नाही.
अॅडमिक्स्चर: प्लास्टिसायझर घातलं तर तेवढ्याच पाण्यात वाढते. सिमेंटचे कण एकमेकांना चिकटून राहत नाहीत.

सात ओळी झाल्या. पेपरात प्रत्येकीचं एक किंवा दीड वाक्य होतं.

रंधा_मास्तर
ठीक, पण माझं म्हणणं यात कुठे चुकलं? घटकाच्या नावाखाली रेघ मारायचीच ना?

लालपेन
रेघ मारा हो, रेघेशी भांडण नाही. भांडण ‘जास्त लिहिलं तर कोण कापणार’ याच्याशी आहे. समजा एकाने लिहिलं, ‘खडी बारीक असेल तर पृष्ठभाग वाढतो आणि वर्केबिलिटी वाढते.’ शब्द सगळे बरोबर, ‘पृष्ठभाग’ खाली रेघही मारली. पण दिशा उलटी आहे. तो मार्क जातो, आणि रेघ मारल्यामुळे चूक आधी डोळ्यात भरते. चाळीस सुटे शब्द पाठ केले की नेमका हाच घोटाळा होतो, कारण कुठला शब्द वाढवतो आणि कुठला कमी करतो ते पाठांतरात राहत नाही.

कोड_कोल्हापुरी
मी कॉम्प्युटरचा. जावाच्या प्रोग्रामची अशी यादी कशी करायची? प्रोग्रामात की-वर्ड म्हणजे आमचे क्लास, पब्लिक, स्टॅटिक वगैरे ना? ते सगळे आले की मार्क?

चहा_कटिंग
भाऊ, तुझ्या की-वर्डचा आणि यांच्या की-वर्डचा फक्त नामसाधर्म्याचा संबंध आहे.

लालपेन
कोड_कोल्हापुरी, तुमच्या पेपरांसाठी त्याच पानावर वेगळी सूचना असते. प्रोग्राम वेगळा असला तरी कल्पना तीच असेल तर मार्क द्या, असं ती सांगते. आणि रकान्यात बहुतेक वेळा ‘लॉजिक 2, सिंटॅक्स 2’ अशी वाटणी असते. म्हणून तुमच्या यादीत शब्द नकोत, टप्पे हवेत: इनपुट कुठून घेतलं, कुठल्या अटीवर लूप थांबतो, उत्तर कुठे छापलं. कंसाची चूक सिंटॅक्सच्या दोनात जाते, लॉजिकचे दोन हातात राहतात. हा धागा काँक्रीटचा आहे, तेव्हा इथेच थांबतो.

सुषमा_क
माझा मुलगा मेकॅनिकलला आहे. तो म्हणतो पुरवण्या जास्त लावल्या की परीक्षकावर छाप पडते. सहा मार्कांना तीन पानं तरी हवीत म्हणे. खरं आहे का हो हे? मग या याद्यांचा उपयोग काय?

अर्धा_मार्क
सुषमाताई, मुलाला हिशेब मांडायला सांगा. आय स्कीमचा नेहमीचा पेपर 70 मार्कांचा, तीन तासांचा. 180 मिनिटांतली पंधरा वाचायला, प्रश्न निवडायला आणि शेवटी उजळणीला ठेवली तर 165 उरतात. म्हणजे एका मार्काला सव्वादोन-अडीच मिनिटं. सहा मार्कांच्या उत्तराला साधारण चौदा मिनिटं आणि चारच्या उत्तराला नऊ. चौदा मिनिटांत आकृतीसकट तीन पानं जो लिहितो त्याचं अक्षर परीक्षकाला लागत नाही, आणि न लागलेल्या अक्षरात की-वर्ड सापडत नाही.

यादीचं माप याच हिशेबातून ठरतं. सहा मार्कांना सात-आठ ओळींपेक्षा लांब यादी केली तर ती चौदा मिनिटांत कागदावर उतरत नाही.

सुषमा_क
धन्यवाद. हे त्याला दाखवते. माझं ऐकत नाही, आकड्यांचं कदाचित ऐकेल.

खडीवाला_साइट
वर्केबिलिटी झाली, आता त्याच धड्यातला स्लंप टेस्टचा प्रश्न घ्या. तो हमखास येतो आणि तिथे यादी करताना खरी गंमत आहे. गिलावा, तुझ्या यादीत थर किती लिहिलेस? चार की तीन?

गिलावा
चार. मॉडेल आन्सरमध्ये चार आहेत आणि पुस्तकातही. का?

खडीवाला_साइट
कारण चार थर हे आयएस 1199 च्या 1959 च्या आवृत्तीतले. 2018 मध्ये त्याचा दुसरा भाग नव्याने आला आणि त्यात तीन थर आहेत. प्रत्येक थराला 25 ठोके दोन्हीकडे सारखेच. साच्याची मापंही तीच, खालचा व्यास 200 मिमी, वरचा 100, उंची 300. लॅबमध्ये चार्ट जुना असेल तर चार शिकवतात, साइटवर नवा कोड मागतात.

रंधा_मास्तर
मग तीनच लिहायचे. नवीन ते बरोबर.

लालपेन
इतकं सरळ नाही. परीक्षकाच्या हातात त्या सत्राचं मॉडेल आन्सर असतं. त्यात चार असतील आणि तुम्ही नुसते तीन लिहिले तर त्याला वाटणार की हा विसरला. उलट त्यात तीन असतील आणि तुम्ही चार लिहिले तरी तेच. म्हणून यादीत नुसता आकडा ठेवू नये, आकड्याबरोबर त्याचा आधार ठेवावा: ‘तीन थर, आयएस 1199 भाग 2, 2018 प्रमाणे’. सहा शब्द वाढतात, पण हे अज्ञान नाही, हे परीक्षकाला कळतं. मग समजून मार्क द्यायला त्याला वाव राहतो, तशी मुभा त्या सूचनांत आहेच.

खडीवाला_साइट
वाव राहतो हे खरं, पण तो देईलच याची खात्री कोण देणार? मी असतो तर चालू सत्राच्या लॅब मॅन्युअलमध्ये जे आहे ते लिहिलं असतं.

लालपेन
यावर आपलं एकमत होणार नाही, राहू द्या. आधार लिहिलेलं उत्तर मात्र दोन्ही बाजूंना कमी धोक्याचं आहे.

गिलावा
मग स्लंपच्या प्रश्नाची यादी इथेच करू का? प्रश्न असा धरते: ‘स्लंप टेस्टची कृती सुबक आकृतीसह लिहा आणि स्लंपचे प्रकार सांगा, 6 मार्क.’ रकाना असा धरते: आकृती 1, कृती 3, प्रकार 2. माझी यादी:

साचा, टॅम्पिंग रॉड, 25 ठोके, चार थर, उचलणे, मोजणे, ट्रू, शिअर, कोलॅप्स.

अर्धा_मार्क
आकृती कुठे गेली?

गिलावा
आकृती तर काढणारच ना, ती यादीत कशाला?

अर्धा_मार्क
‘काढणारच’ म्हणतात तीच राहून जाते. आणि आकृतीचा मार्क रेषांना मिळत नाही, मुख्य भाग दाखवण्याला मिळतो. सूचनाही तसंच सांगते: आकृतीत मुख्य भाग दाखवले असतील तर मार्क द्या, आकृती मॉडेलसारखीच हवी असं नाही. म्हणून यादीत ‘आकृती’ एवढंच लिहू नकोस, त्यावर टाकायची नावं लिही. इथे चार पुरेत: वर 100, खाली 200, उंची 300 आणि शेजारी खचलेल्या काँक्रीटचा ढीग, त्यावर बाण मारून ‘स्लंप’. हा शेवटचा बाण अनेक जण विसरतात आणि नुसता शंकू काढून ठेवतात. शंकू म्हणजे साचा, स्लंप नव्हे. स्लंप दिसायला दोन उंची शेजारी शेजारी लागतात.

चहा_कटिंग
नुसता शंकू काढला तर तो आइस्क्रीमचाही असू शकतो.

लालपेन
गिलावा, आता कृतीचे 3 मार्क बघ. तुझ्या यादीत कृतीसाठी सहा शब्द आहेत, म्हणजे अर्ध्या अर्ध्या मार्काचे सहा. हिशेब बरोबर जमलाय. पण ‘साचा’ आणि ‘टॅम्पिंग रॉड’ ही उपकरणं आहेत, कृती नाही. कृतीच्या यादीत क्रियापदं हवीत. मी असं करेन:

साचा आतून पुसून तेल लावून सपाट, पाणी न शोषणाऱ्या पत्र्यावर ठेवा.
काँक्रीट थरांत भरा (थर, आधार).
16 मिमी व्यासाच्या, 600 मिमी लांबीच्या सळईच्या गोलाकार टोकाने प्रत्येक थराला 25 ठोके.
वरचा भाग सपाट करा.
साचा सरळ उभा, सावकाश उचला.
साच्याची उंची आणि खचलेल्या काँक्रीटचा सगळ्यात उंच बिंदू, यांतला फरक मिमीमध्ये मोजा.

हा क्रम मोडू नकोस. कृतीच्या उत्तरात परीक्षक क्रमाने वाचत जातो. ‘साचा उचला’ आधी आणि ‘वरचा भाग सपाट करा’ नंतर आलं तर शब्द सगळे असूनही कृती चुकीची ठरते. वर्केबिलिटीच्या सात ओळी उलटसुलट झाल्या तरी चालतं, इथे चालत नाही. म्हणून कृतीच्या याद्यांना आकडे घाल, घटकांच्या याद्यांना घातले नाहीत तरी हरकत नाही.

गिलावा
आणि ‘मिमी’ वेगळं लिहायला हवं का? ते तर सगळ्यांना माहीत असतं.

अर्धा_मार्क
माहीत असतं म्हणून उत्तरात राहतं, असं नसतं. एकक यादीत लिही, वर्तुळ करून.

खडीवाला_साइट
प्रकारांबद्दल एक. ट्रू, शिअर, कोलॅप्स ही नुसती तीन नावं लिहून 2 मार्क पूर्ण मिळतील असं समजू नका. प्रत्येकासमोर एका वाक्यात काय दिसतं ते यादीत ठेवा. ट्रू म्हणजे काँक्रीट आपला आकार राखून सगळीकडून सारखं खचतं. शिअर म्हणजे अर्धा भाग तिरपा घसरून खाली येतो. कोलॅप्स म्हणजे सगळं पसरतं. शिअर आला तर टेस्ट पुन्हा घ्यायची, हे वाक्य लिहिलं की परीक्षकाला कळतं की तुम्ही लॅबमध्ये उभे होतात.

सावली_पाटील
थोडं वेगळं विचारते. फरक स्पष्ट करा, या प्रश्नांची यादी कशी करायची? उदाहरणार्थ सेग्रिगेशन आणि ब्लीडिंग. एका मैत्रिणीने सेग्रिगेशनचे चार मुद्दे लिहिले आणि ब्लीडिंगचे चार लिहिले, तरी तिला चारपैकी दोनच मार्क मिळाले. तिचे मुद्दे पुस्तकातले होते.

लालपेन
मुद्दे पुस्तकातले असतील, पण समोरासमोर नसतील. एका बाजूला सेग्रिगेशनची कारणं आणि दुसऱ्या बाजूला ब्लीडिंगचे परिणाम, असं झालं की तो फरक राहत नाही, दोन टिपा शेजारी शेजारी ठेवल्यासारखं होतं. ‘फरक’च्या यादीत आधी आधार लिहायचा, मग दोन्ही बाजू भरायच्या. वेगळं काय होतं: खडी मॉर्टरपासून सुटी पडते, तर ब्लीडिंगमध्ये पाणी वर येतं. कुठे दिसतं: आतल्या थरांत खडीचे घोस, तर वरच्या पृष्ठभागावर पाणी आणि नंतर लेटन्सचा थर. मुख्य कारण: उंचावरून ओतणं, जास्त व्हायब्रेशन, तर जास्त पाणी आणि बारीक कणांची कमतरता. परिणाम: हनीकोंबिंग, तर खडी आणि सळीखाली पाण्याची पोकळी. चार आधार, चार मार्क. आधाराचा शब्द नसेल तर ती ओळ यादीत घेऊच नका.

रंधा_मास्तर
हे मान्य. मी शब्द म्हणत होतो, तुम्ही जोड्या म्हणताय.

निनाद_मुळे
मराठीतून लिहिलं तर? माझ्या भावाचं पहिलं वर्ष आहे. त्याने ‘वंगण’ लिहिलं आणि परीक्षक ‘लुब्रिकेशन’ शोधत बसले तर?

लालपेन
पहिल्या वर्षाला 2021-22 पासून मराठी किंवा दोन्ही भाषांतून लिहायची सोय आली. तेव्हापासून मॉडेल आन्सरच्या सूचनांत हेही आलं की मराठी उत्तर असेल तर संकल्पना जुळते का ते बघा. आपल्या पेपरच्या मॉडेल आन्सरवर ती सूचना आहे का, एवढं पहिल्या पानावर बघून घे. यादी करताना मात्र पारिभाषिक शब्द आहे तसाच राहू दे आणि कारण मराठीत लिही. ‘वर्केबिलिटी वाढते, कारण पाणी कणांमध्ये वंगणासारखं काम करतं’ असं वाक्य कुठल्याही परीक्षकाला लागतं. ‘कार्यसुलभता’ वगैरे शोधायला बसलास तर त्याला एक शब्द दोनदा वाचावा लागेल.

चहा_कटिंग
‘कार्यसुलभता’ वाचून परीक्षक उत्तर सोडून शब्दकोश तपासेल.

अर्धा_मार्क
गिलावा, आणखी एक गोष्ट. एकाच सत्राच्या मॉडेल आन्सरवरून यादी पक्की करू नकोस. चार-पाच सत्रं घे आणि तोच प्रश्न प्रत्येकात कसा विचारलाय ते बघ. एका वेळी ‘कृती लिहा’, दुसऱ्या वेळी ‘कृती आणि महत्त्व’, तिसऱ्या वेळी ‘स्लंपचे प्रकार आकृतीसह’. मार्कांची वाटणी प्रत्येक वेळी बदलते. म्हणून स्लंपची एकच लांब यादी करण्यापेक्षा तीन तुकड्यांत कर: आकृती, कृती, प्रकार. प्रश्नात जे मागितलंय तेवढे तुकडे उचलायचे. नाही तर ‘प्रकार’ मागितलेलेच नसताना त्यावर पाच मिनिटं जातात आणि पाचव्या प्रश्नातलं दुसरं उत्तर अर्धवट राहतं.

मॉडेल आन्सरमध्ये चुकाही असतात, विशेषतः आकड्यांत. दोन सत्रांत दोन आकडे दिसले तर पुस्तक उघड.

खडीवाला_साइट
आणि अभ्यासक्रमाच्या पुस्तिकेत युनिटनुसार मार्कांचा तक्ता असतो, आर, यू, ए असे तीन रकाने. लक्षात ठेवणे, समजणे, वापरणे. ज्या युनिटला ए रकान्यात जास्त मार्क आहेत तिथे नुसत्या घटकांच्या यादीने भागणार नाही, तिथे ‘या साइटवर काय कराल आणि का’ असा प्रश्न येऊ शकतो. त्या युनिटच्या याद्यांत कारणांचा रकाना भरपूर ठेवा.

सावली_पाटील
म्हणजे गर्दीने सळ्या असलेल्या बीममध्ये कोणती खडी वापराल, असं काही?

खडीवाला_साइट
अगदी. तिथे वर्केबिलिटीच्या त्याच सात ओळी येतात, पण उलट्या दिशेने. ‘खडीचं माप मोठं, वर्केबिलिटी वाढते’ हे पाठ असलेला इथे मोठी खडी लिहून मोकळा होतो, आणि ती सळ्यांमध्ये अडकून हनीकोंबिंग होतं. सळ्यांमधली जागा ही अट आधी, वर्केबिलिटी नंतर. म्हणून खडी लहान घ्यायची आणि वर्केबिलिटी प्लास्टिसायझरने वाढवायची.

गिलावा
हे मी खडीच्या ओळीसमोर लिहून ठेवते: ‘सळ्यांमधली जागा आधी बघ’.

स्लंपची सुधारलेली यादी खाली देते, नजर टाका.

आकृती: वर 100, खाली 200, उंची 300, शेजारी ढीग, बाण ‘स्लंप’.
कृती: 1 पुसून तेल, पत्रा. 2 थर + आधार. 3 सळई 16/600, 25 ठोके. 4 सपाट. 5 सरळ सावकाश उचल. 6 फरक मिमीमध्ये.
प्रकार: ट्रू सारखं, शिअर तिरपं (पुन्हा टेस्ट), कोलॅप्स पसरतं.

पेपरात हे आधी पेन्सिलने समासात लिहून मग उत्तर लिहू का?

रंधा_मास्तर
समासात लिहू नकोस, परीक्षकाचे मार्क तिथे पडतात. शेवटच्या पानावर ‘रफ’ लिही, तिथे उतरव आणि नंतर आडवी रेघ मार.

लालपेन
रंधा, आज तुमचं पहिल्यांदाच शंभर टक्के बरोबर. आणि प्रश्नपत्रिकेवर लिहू नकोस, तिथे फक्त सीट नंबर टाकायचा.

यादी चांगली झाली आहे. पण ‘2 थर + आधार’ असं लिहिलंस तर पेपरच्या गडबडीत दोन थर असं वाचशील. थरांचा आकडा अक्षरात लिही, क्रमांक आकड्यात राहू दे.

गिलावा
तीन की चार, तेवढं मात्र अजून ठरत नाहीये. लॅब मॅन्युअलमध्ये चार आहेत आणि सर तीन म्हणाले.

खडीवाला_साइट
मग सरांना विचार, मॅन्युअल कधी छापलंय.